बिटकॉइनचं हाल्व्हिंग, आर्बिट्रमचं अनलॉक: टंचाई खरी कुठे?

बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही. आर्बिट्रम या इथेरियमवर चालणाऱ्या नेटवर्कचे एआरबी टोकनही सुरुवातीला १,००० कोटी ठरवून दिलेले. ऐकायला दोन्ही मर्यादितच. पण यातलं एक घ्यायचं ठरवत असाल, तर या आकड्यावर फार विसंबू नका. येत्या वर्षभरात बाजारात नवीन किती येणार, ते आधी बघा.

बिटकॉइनचा हिशेब सोपा आहे. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, व्यवहारांचे ब्लॉक जोडणाऱ्या मायनरला मिळणारं बक्षीस निम्मं होतं; हेच हाल्व्हिंग. एप्रिल २०२४ मध्ये ते ब्लॉकमागे ६.२५ नाण्यांवरून ३.१२५ वर आलं. त्यामुळे रोज सुमारे ९०० नवी नाणी यायची, ती ४५० वर आली. तोवर १ कोटी ९७ लाखांच्या आसपास नाणी निघालेलीच होती, म्हणजे वर्षाची भर एक टक्क्याच्याही आत. हाल्व्हिंगचा गाजावाजा बराच होतो, पण आता त्याने पुरवठ्यात पडणारा फरक तसा किरकोळच. शिवाय तारीख सगळ्यांना आधीच माहीत असते.

एआरबीचं गणित उलट्या दिशेने चालतं. मार्च २०२३ मध्ये टोकन आलं, तेव्हा १,००० कोटींपैकी जेमतेम १२७.५ कोटी वापरकर्त्यांच्या आणि काही प्रकल्पांच्या हाती होते. टीम, सल्लागार आणि गुंतवणूकदारांचा वाटा कुलुपात, म्हणजे मुदत संपेपर्यंत विकता न येणारा. १६ मार्च २०२४ला वर्षाची मुदत संपली आणि एका दिवसात सुमारे १११ कोटी टोकन मोकळे झाले. फिरत्या साठ्याच्या ८७ टक्के! तिथून पुढे तीन वर्षं दरमहा सव्वानऊ कोटींहून थोडे जास्त. म्हणजे नुसत्या याच वाट्यातून पुढच्या वर्षात आणखी १११ कोटी, त्या वेळच्या साठ्याच्या जवळपास निम्मे. भाव टिकवायचा, तर तेवढे नवे खरेदीदार हवेत. त्यातून सुरुवातीच्या गुंतवणूकदारांची खरेदी स्वस्तातली, त्यामुळे भाव पडला तरी विकून ते फायद्यातच राहू शकतात.

अर्थात कुलूप उघडलं म्हणजे विक्री झालीच असं नाही. मोकळे झालेले टोकन एक्स्चेंजच्या पत्त्यांकडे जाताना ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, दिसायला लागले, की मात्र सावध व्हायचं. आणखी एक: एआरबीची मर्यादा पक्की नाही. टोकनधारकांच्या मतदानाने वर्षाला २ टक्क्यांपर्यंत नवे टोकन काढायची सोय नियमांतच आहे. बिटकॉइनची मर्यादा बदलायची, तर जगभर नोड चालवणाऱ्यांनी नवं सॉफ्टवेअर स्वीकारायला हवं.

म्हणून निव्वळ टंचाईसाठी घेत असाल तर माझं मत बिटकॉइनला. आर्बिट्रमच्या नेटवर्कवर भरवसा असेल, तर एआरबी घ्यायला हरकत नाही, पण किंमत जोखताना फिरत्या टोकनांचं बाजारमूल्य न धरता सगळ्या १,००० कोटी टोकनांचं धरा. थोडं थोडं घेऊन दोन्हींवर डाव लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की आपल्याकडे एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. नफ्यावर ३० टक्के कर पुरता भरावाच लागतो.