बिनअंड्याचे पॅनकेक: दही-सोडा घ्यावा की दूध-बेकिंग पावडर?

परभणीला आमच्या घरी आई स्वयंपाकघरात अंडं येऊ देत नाही, त्यामुळे पॅनकेक करायचे तर बिनअंड्याचेच. मे महिन्यात भाचरं सुट्टीला आली, तेव्हा मी एकाच सकाळी दोन पातेल्यांत दोन बॅटर केली. दोन्हींत 1 कप मैदा, 1 चमचा साखर, चिमूट मीठ आणि 1 मोठा चमचा पातळ केलेलं लोणी. फरक एवढाच, की एकात पाऊण कप फेटलेलं दही, थोडं पाणी आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. दुसऱ्यात पाऊण कप दूध आणि दीड छोटा चमचा बेकिंग पावडर.

दह्याच्या बॅटरचे पहिले दोन पॅनकेक करंगळीएवढे जाड फुगले, आतून मऊ लुसलुशीत. पण निम्मी पोरं झोपलेली होती. ती उठून, दात घासून येईपर्यंत पाऊण तास गेला आणि त्याच पातेल्यातला पुढचा पॅनकेक धिरड्यासारखा चपटा निघाला. दुधाचं बॅटर पहिल्या खेपेला थोडं कमी फुगलं होतं, पण पाऊण तासानंतरही ते बऱ्यापैकी तसंच उठलं.

कारण असं: सोड्याला दह्यातली आंबटाई लागली की वायू तिथल्या तिथे सुटायला लागतो. बॅटर ठेवून दिलं तर बुडबुडे वर येऊन फुटतात आणि तव्यावर फुगायला काही उरत नाही. बाजारात सहसा मिळणारी बेकिंग पावडर दोनदा काम करते, थोडं ओली झाल्यावर आणि बाकीचं तव्याच्या उष्णतेने. म्हणून तिला थांबणं परवडतं.

मग बॅटर मुरू द्यायचंच नाही का? द्यायचं, 10 ते 15 मिनिटं. कारण मुरणं मैद्यासाठी असतं, सोड्यासाठी नाही. मैदा पाणी पितो, गुठळ्या मऊ होतात आणि ढवळताना ताणला गेलेला चिवटपणा सैल पडतो. दह्याच्या बॅटरला यावर सोपी वाट आहे: मैदा-दही आधी कालवून मुरू द्या, तवा तापला की मगच सोडा भुरभुरवा, चार-पाच वेळा ढवळा आणि लगेच ओता. त्या दिवशी मी सोडा आधीच घालून बसले होते.

रबरासारखा पॅनकेक मात्र बहुतेक वेळा सोड्याचा दोष नसतो. आपल्याला भज्यांचं पीठ एकजीव होईस्तोवर फेटायची सवय आहे. बेसनाला ते चालतं. मैदा फेटला की त्यातला चिकट धागा घट्ट होतो. बारीक गुठळ्या दिसत असतानाच हात थांबवा. अंडं घालणाऱ्यांसाठीही एक सांगते: अंड्यामुळे पॅनकेकला आधार मिळतो, पण एक कप मैद्याला दोन-तीन अंडी घातली तर तो ऑम्लेटसारखा लवचिक होतो. एक पुरे. अंडं नसेल तर तो आधारच कमी असतो, म्हणून बॅटर जरा दाट ठेवा आणि पॅनकेक तळहाताएवढाच घाला. आणि पळीने पसरवू नका! धिरडी घालून घालून हात आपोआप गोल फिरतो, पण इथे ओतलं की सोडून द्यायचं.

तव्याचं सांगायचं तर आमचा बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे पहिला पॅनकेक फिका आणि तिसरा करपलेला असं व्हायचं. आता मध्यम आचेवर नीट तापवून पहिल्या पॅनकेकनंतर आच कमी करते. आधी एक छोटासा घालून बघा. दीड-दोन मिनिटांत वर बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली, कडा निस्तेज झाल्या आणि खालून सोनेरी रंग आला, तर आच बरोबर. अर्ध्या मिनिटात खालून काळपट झाला तर आतलं कच्चं राहून नंतर खाली बसणार. चार मिनिटं झाली तरी फिकाच असेल, तर वायू निसटून जातो आणि पॅनकेक वाळून चामट होतो. एकदाच उलटा, उलथन्याने दाबू नका.

चार माणसं एकत्र बसून गरम गरम खाणार असाल तर दही-सोडा घ्या. त्याची किंचित आंबूस चव आणि मऊपणा मला जास्त आवडतो. उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत फार आंबतं, तेव्हा सकाळचं ताजं वापरा. सोडा मात्र वाढवू नका, साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. घरचे एकेक करून येणार असतील, तर दूध आणि बेकिंग पावडर. फक्त डबा पावसाळ्यापासून उघडा पडलेला नको. अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली नाही, तर नवा डबा आणा.