आईचं क्रिएटिनिन १.२, मामांचं १.१: नागपूरला आधी कोणाला न्यायचं?

आर्वी तालुक्यातलं एक घर उदाहरणादाखल घेऊ. आई ६४ वर्षांची, बीपी आहे, शुगर नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खायची तिची जुनी सवय. मामा ५० वर्षांचे, शुगर आठेक वर्षांपासून, स्वतःची शेती स्वतः करतात, अंगात कसलाही त्रास नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये दोघांचं रक्त एकाच दिवशी गेलं. आईचं क्रिएटिनिन १.२ आलं आणि त्यापुढे वाढीची खूण. मामांचं १.१, खूण नाही. आईला नागपूरला किडनीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, मामांचं ठीक आहे, असं घरात ठरलं.

हा निर्णय उलटा आहे. तो का उलटा, हे कळायला दोघांच्या रिपोर्टमधले दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. पहिला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. दुसरा लघवीतला एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन नावाचं प्रथिन गाळणीतून किती निसटतं त्याचं मोजमाप. क्रिएटिनिन एकटं वाचून यातलं काहीच नीट कळत नाही.

ईजीएफआर क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढतात. सध्याच्या २०२१ च्या सूत्रात घातलं तर आईचं १.२ म्हणजे ईजीएफआर ५१ आणि मामांचं १.१ म्हणजे ८२. लॅब हा आकडा छापत नसेल तर डॉक्टरांना मोबाइलवर काढून द्यायला सांगा, मिनिटभराचं काम आहे. एवढंच पाहिलं तर आई खरंच मागे आहे. ४५ ते ५९ या पट्ट्याला जी३ए म्हणतात, ६० ते ८९ ला जी२.

आता लघवी. आईचा एसीआर १४ मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम, मामांचा ४८०. इथे पारडं फिरतं. ३० च्या आत असेल तर ए१, ३० ते ३०० असेल तर ए२ आणि ३०० च्या वर ए३. मामांची किडनी रक्त अजून भरपूर गाळते आहे, पण गाळणीची जाळी फाटू लागली आहे. क्रिएटिनिन वाढायला जाळीचा बराच भाग निकामी व्हावा लागतो. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी निसटायला लागतं.

किडनीच्या आजारासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे दोन्ही आकडे एका तक्त्यात बसवले आहेत. वर्षातून किती वेळा तपासायचं ते तक्ता सांगतो:

| ईजीएफआर | एसीआर ३० च्या आत (ए१) | ३० ते ३०० (ए२) | ३०० च्या वर (ए३) |
|---|---|---|---|
| ६० आणि जास्त (जी१, जी२) | १ | १ | ३ |
| ४५ ते ५९ (जी३ए) | १ | २ | ३ |
| ३० ते ४४ (जी३बी) | २ | ३ | ३ |
| १५ ते २९ (जी४) | ३ | ३ | ४ किंवा जास्त |
| १५ च्या आत (जी५) | ४ किंवा जास्त | ४ किंवा जास्त | ४ किंवा जास्त |

आई जी३ए-ए१ मध्ये बसते: वर्षातून एक तपासणी, तीही जवळच्या डॉक्टरांकडे चालते. मामा जी२-ए३ मध्ये: वर्षातून तीन तपासण्या आणि किडनीच्या डॉक्टरांचा सल्ला. तेव्हा रोज बुडवून, एसटीचं भाडं घालून नागपूरची किंवा सेवाग्रामची एकच खेप जमणार असेल तर ती मामांची व्हावी. आईला तालुक्यातच सांभाळता येतं.

वरच्या डाव्या चौकटीबद्दल एक खुलासा. ईजीएफआर ६० च्या वर आणि एसीआर ३० च्या आत असेल तर त्याला आजार म्हणायचं नाही, सोनोग्राफीत किंवा लघवीत दुसरं काही सापडलं तरच म्हणायचं. शुगर-बीपी असेल तर वर्षातून एकदा पाहायचं, एवढंच.

पण आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी ते पुन्हा आले पाहिजेत. आजार जुनाट म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो. आपल्याकडे ही अट फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, माणूस दिवसभर उन्हात असतो, पाणी कमी पडतं, त्यात हगवण-उलटी आणि वर पेनकिलर. अशा दिवसांत काढलेलं क्रिएटिनिन तात्पुरतं वाढलेलं असू शकतं. आईचं रक्त मेमध्येच गेलं असेल तर गोळ्या बंद करून, पाणी व्यवस्थित सुरू ठेवून पावसाळ्यात पुन्हा तपासा. तेव्हा १.२ चं ०.९ झालं तर ईजीएफआर सत्तरच्या आसपास जातो आणि तिचं नाव जी३ए मधून निघतं. आकडा फारच मोठा असेल, लघवी कमी झाली असेल किंवा तोंडावर सूज आली असेल, तर मात्र तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे अचानक किडनी बंद पडणं असू शकतं.

एसीआरचंही तसंच. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवसाचं अंगमेहनतीचं काम यांनी तो वाढतो. म्हणून सकाळची पहिली लघवी द्यायची, वेचणीच्या किंवा डवरणीच्या थकव्यावर नाही. मामांना शुगर असल्यामुळे तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तर ते पक्कं धरतात.

लॅबवाले बऱ्याचदा 'मायक्रोअल्ब्युमिन' अशी तपासणी करून मि.ग्रॅ. प्रति लिटर असा आकडा देतात. तो एसीआर नव्हे. उन्हाळ्यात घट्ट पिवळी लघवी आली की हा आकडा फुगतो, भरपूर पाणी पिऊन गेलं की उतरतो. लघवीतल्या क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढलं की हा फरक बराचसा जातो, म्हणून चिठ्ठीवर 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' असंच लिहून घ्या. पट्टी बुडवून पाहिलेलं 'प्रोटीन निल' हेही पुरेसं नाही, कारण ए२ मधलं थोडं अल्ब्युमिन पट्टीला दिसत नाही. एकक मि.ग्रॅ. प्रति मिलिमोल असेल तर ३० आणि ३०० ऐवजी ३ आणि ३० या सीमा धरायच्या.

मामांच्या तीन फेऱ्यांमध्ये नेमकं काय घडतं? रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांपैकी एक गोळी सुरू होते, ती बीपीसाठी म्हणून ओळखली जाते पण इथे काम जाळीवरचा दाब उतरवण्याचं आहे. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावंच लागतं. क्रिएटिनिन थोडं वाढतं. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू ठेवतात, म्हणजे मामांचं १.१ वरून १.४ झालं तरी घाबरून बंद करायची नाही. अशा वेळी रिपोर्ट पाहून गोळी स्वतःच सोडून देणं हे मला सर्वांत नुकसानीचं वाटतं. तिच्याबरोबर डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळीही देतात, जेनेरिकमध्ये मिळते. काही महिन्यांनी एसीआर ४८० वरून ३३६ पर्यंत, म्हणजे ३० टक्के उतरला तर इलाज लागू पडतोय असं समजतात. मात्र हगवण-उलटी लागली की या दोन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावं. किडनीचे डॉक्टर मामांच्या डोळ्यांचा पडदाही तपासायला सांगतील. शुगरने किडनीवर परिणाम केला असेल तर पुष्कळदा पडद्यावरही खुणा असतात. पडदा स्वच्छ असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं, आणि ते काम तालुक्याला होत नाही.

आईचं वर्षाचं काम कमी आहे, पण एक गोष्ट पक्की: मेडिकलमधली डायक्लोफिनॅकसारखी गोळी बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, आणि बीपी ताब्यात. पुढच्या वर्षी ईजीएफआर ५१ चा ४६ झाला तर तो तपासणीतला नेहमीचा चढउतारही असू शकतो. २० टक्क्यांहून जास्त घसरण, म्हणजे ५१ वरून ४० किंवा खाली, ही खरी घसरण धरून कारण शोधायचं. तसंच मामांचा एसीआर ४८० चा ६०० झाला तर लगेच हादरू नये. दुप्पट झाला तर तो लॅबचा फरक नव्हे.

आईच्या रिपोर्टची एक मर्यादा मनात ठेवावी. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सडपातळ, मटण-मासे न खाणाऱ्या, वयस्कर बाईच्या अंगात स्नायू कमी असतात, त्यामुळे तिचा ईजीएफआर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आकडा ४५ च्या काठावर आला आणि त्यावर मोठा निर्णय अडला असेल, तर सिस्टॅटिन-सी नावाची रक्ततपासणी करून पाहता येते. ती महाग असते आणि नमुना बहुतेकदा नागपूरला जातो.

दुसरी मर्यादा पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी. तिथे लोक पाण्याबद्दल विचारतात आणि फक्त लघवी तपासून मोकळे होतात. आंध्र प्रदेशातल्या उद्दानम भागात शेतकऱ्यांना होणाऱ्या किडनीच्या आजारात लघवीतलं अल्ब्युमिन बहुधा थोडंच असतं आणि ईजीएफआर मात्र घसरत जातो. म्हणजे कारण कोणतंही असो, एसीआर चांगला आला म्हणून रक्ताची तपासणी टाळायची नाही. आईसारखा ए१ हा दिलासा आहे, हमी नाही.

यापुढच्या पट्ट्यांबद्दल थोडंच. जी३बी पासून हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस यांचीही गरज पडते. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की प्रत्येकाला किडनीच्या डॉक्टरांकडे जायचंच. आणि एक गोष्ट गावात कोणी सांगत नाही: अशा माणसाच्या ज्या हाताने तो कमी काम करतो, त्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरांना सुई लावू द्यायची नाही. उजवा हात कामाचा असेल तर डावा जपायचा. पुढे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुला, म्हणजे रक्त काढण्या-घालण्यासाठी शीर आणि धमनी यांचा केलेला जोड, त्याच शिरांवर करतात. अशक्तपणा आला की सलाइन लावून घ्यायची आपल्याकडची सवय त्या शिरा आधीच खराब करून ठेवते. म्हणून सलाइनची खरंच गरज असेल तर तळहाताच्या मागच्या बाजूच्या शिरेत लावा, असं कंपाउंडरला आधीच सांगायचं.