संपीडन गुणोत्तर की कॉम्प्रेशन रेशो? डिझेल इंजिनाची पुस्तिका मराठीत आणताना

सांगलीत डिझेल मेकॅनिकच्या पोरांसाठी पुस्तिका मराठीत करायला बसलं की पहिल्याच दिवशी दोन तट पडतात. एकाला संपीडन गुणोत्तर, अंतःक्षेपण काल, अधिभरण दाब असे विश्वकोशी वळणाचे शब्द हवे असतात. दुसरा म्हणतो, गॅरेजात बोलतात तेच लिहा: कॉम्प्रेशन, टायमिंग, बूस्ट. मी दोन्ही तऱ्हेचे मसुदे वर्गात वापरून पाहिलेत. सरसकट एक बाजू धरू नका, प्रत्येक शब्दाचा निकाल वेगळा लागतो.

कॉम्प्रेशन रेशोपासून सुरुवात करू. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन घ्या, बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110. पिस्टन एका स्ट्रोकमध्ये साधारण 553 घनसेंटिमीटर जागा व्यापतो, आणि अगदी वर गेल्यावर डोक्यावर समजा 36 उरते. दोन्हींची बेरीज 589, तिला 36 ने भागलं की 16.4. हा हिशोब जागेचा आहे, दाबाचा नाही. ‘संपीडन गुणोत्तर’ वाचून गुणोत्तर आहे एवढं कळतं, पण कशाचं ते कळत नाही, आणि सोपं करायला कुणी ‘दाबाचं प्रमाण’ लिहिलं तर ते सरळ चूकच. गॅरेजच्या शब्दाचा घोटाळा वेगळा. मेकॅनिक ‘कॉम्प्रेशन उतरलंय’ म्हणतो तेव्हा रिंगा झिजून दाब उतरलेला असतो, रेशो होता तिथंच असतो. म्हणून मी ‘कॉम्प्रेशन रेशो’ ठेवतो, पहिल्यांदा येतो तिथं ‘आकारमानांचं गुणोत्तर’ अशी फोड देतो, आणि गेजवरच्या आकड्याला न चुकता ‘कॉम्प्रेशन प्रेशर’ म्हणतो. नुसतं ‘कॉम्प्रेशन’ पुस्तिकेत कुठंच नको.

खरी गोम टायमिंगमध्ये आहे. ‘अंतःक्षेपण काल’ मला दोन कारणांनी नको. एक तर ‘काल’ वाचून फवारा किती वेळ चालतो असं वाटतं, आणि ती गोष्ट निराळी आहे. दुसरं म्हणजे टायमिंग मोजतात क्रँकच्या अंशांत. पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, पोचायच्या 23 अंश आधी डिझेल सोडायचं असेल, तर 1500 आरपीएमला ते अंतर जेमतेम अडीच मिलिसेकंदांचं असतं आणि 750 ला त्याच्या दुप्पट. वेळ बदलते, अंश तेच. तेव्हा ‘टायमिंग’ राहू द्या. उद्या साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम लागलं तरी पोराच्या कानावर हाच शब्द पडणार आहे.

पण नाम सुटलं तरी क्रियापद अडवतं. माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘टायमिंग दोन अंश पुढे घ्या.’ मला म्हणायचं होतं, डिझेल लवकर सोडा. वर्गात निम्म्या पोरांनी पंपाखालचा शिम काढला, निम्म्यांनी एक वाढवला. वाढवणाऱ्यांचं काय चुकलं? आपल्याकडं लग्न पुढं ढकललं म्हणजे उशिरा होणार, आणि घड्याळ पुढं आहे म्हणजे ते लवकर वाजतं. ‘पुढे’ दोन्हीकडं जातं. या जातीच्या इंजिनात शिम वाढला की पंप कॅमपासून वर उचलला जातो आणि डिझेल उशिरा सुटतं. त्यामुळं त्यांच्या इंजिनाचा जोर गेला, धूर काळा झाला. उलट चूक झाली असती, म्हणजे फार लवकर सोडलं असतं, तर ठोका ऐकू आला असता. ‘टायमिंग वाढवा’ही तितकंच निसरडं आहे. आता मी लिहितो: ‘21 ऐवजी टीडीसीच्या 23 अंश आधी डिझेल सुटेल असं करा, त्यासाठी शिम कमी करा.’ वाक्य लांबतं, पण त्याचे दोन अर्थ निघत नाहीत. अॅडव्हान्स आणि रिटार्ड हे शब्दही द्या, पण प्रत्येक वेळी जोडीला ‘आधी’ किंवा ‘उशिरा’ हवंच.

बूस्टचा निकाल झटपट लागतो. ‘अधिभरण दाब’ कुणीच बोलत नाही, आणि ‘टर्बोचं प्रेशर’ म्हटलं की तेलाचं का हवेचं असा प्रश्न येतो. ‘बूस्ट’ ठेवा. फक्त आकड्याशेजारी ‘वातावरणाच्या दाबावर’ हे शब्द पाहिजेत. गेज 1 बार दाखवतो तेव्हा मॅनिफोल्डमधला एकूण दाब समुद्रसपाटीला सुमारे 2 बार असतो. महाबळेश्वरला बाहेरची हवाच विरळ, तिथं तोच 1 बार बूस्ट धरला तर बेरीज 1.9 च्याही खाली राहते. घाट चढून आलेल्या ट्रकचा गेज बरोबर दिसतोय, मग जोर का कमी, हे पोराला समजावताना ते दोन शब्द नसले तर तो उगाच टर्बो उघडायला बसतो.