गोदामाचं फ्लोअर: 72 पोत्यांचा हिशेब, 53 रिकामी पोती आणि दारातले पोपडे

वणीकडच्या एका जिनिंगचं गाठींचं गोदाम, 12 बाय 30 मीटर. एप्रिलमध्ये 150 मिमीचं काँक्रीट झालं, वर नॉन-मेटॅलिक हार्डनर, म्हणजे ओल्या काँक्रीटवर पसरून मशीनने घोटायची, फ्लोअर टणक करणारी पूड. दिवाळीपासून होळीपर्यंत सीझन पूर्ण चालला, लोखंडी चाकांच्या हातगाड्यांसकट. कोटेशनमध्ये चौरस मीटरला 5 किलो लिहिलं होतं. 360 चौरस मीटरला 1800 किलो, म्हणजे 25 किलोची 72 पोती. काम संपल्यावर रिकामी पोती मोजली तर 53 भरली. 19 पोत्यांचे पैसे फुकट गेले, आणि सुरुवातीचा सगळा राग तिथेच होता.

काम 4 मीटर रुंदीच्या तीन पट्ट्यांत झालं. पट्टीचा एका वेळी ओतलेला तुकडा म्हणजे बे. एक बे 7.5 मीटर लांब, म्हणजे 30 चौरस मीटर. त्यात 5 किलोने बरोबर 6 पोती बसतात. मधल्या पट्टीत, जिथून गाड्या ये-जा करतात, सहाच्या सहा पडली. बाजूच्या दोन पट्ट्यांत, जिथे फक्त थप्पी लागते, बेला साडेतीन-पावणेचार पोती पडली. म्हणजे 3 किलोच्या आसपास.

सीझन संपल्यावर मत बदलावं लागलं. 3 किलोच्या पट्ट्या ठणठणीत आहेत. झाडल्यावर भुकटी निघत नाही, खडी उघडी पडलेली नाही. हलक्या-मध्यम वापराला 3 किलो चालतात. गाठी उभ्या राहण्याच्या जागेला 5 किलो घालायची गरजच नव्हती. फ्लोअर फुटलं ते दारातल्या बेमध्ये, आणि तिथे 6 पोती पूर्ण होती. अर्थात बिल 72 चं आणि माल 53 चा, तो फरक ठेकेदाराने परत द्यायलाच हवा.

दारातला पोपडा हातात घेतला की कारण दिसतं. 3 मिमी जाड, थाळीएवढा, वरून गुळगुळीत आणि खालून कोरडी, न भिजलेली पूड बोटाला लागते. सहाही पोती एकदम टाकली होती. हार्डनरला स्वतःचं पाणी नसतं, तो काँक्रीटचा ओलावा वर ओढून भिजतो. जाड थर एकदम पडला की खालचा भाग भिजतो, वरचा कोरडा राहतो. मग मिस्त्री बादलीने पाणी शिंपडतो, वरची साय मशीनने चकचकीत होते आणि आतली पूड तशीच अडकते. त्यातून एप्रिलचं ऊन आणि दारातून थेट येणारा वारा, त्यामुळे ओलावा आधीच कमी होता.

पोपड्याच्या खाली काँक्रीटचाच मसाला चिकटून आला असता तर दोष उलटा असता: सुटलेलं पाणी वर यायच्या आधीच मशीन फिरवून ते आत कोंडलं. आणि हार्डनर नुसता कमी पडला तर पोपडे निघत नाहीत, फ्लोअर झिजतं, भुकटी होते. सळईने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर थर सुटलाय. भरीव आवाज असून भुकटी निघत असेल तर माल किंवा क्युअरिंग कमी पडलं.

त्या बेमध्ये करायला हवं होतं ते असं. पोती काँक्रीट ओतायच्या आधीच बेच्या कडेच्या साच्यालगत मांडून ठेवायची: इकडे 4, तिकडे 2. वर सुटलेलं पाणी गेलं, चमक उतरली आणि बुटाचा ठसा 3 ते 5 मिमी उमटू लागला की पहिली 4 पोती, म्हणजे दोन तृतीयांश माल, सारखा पसरायचा. तो ओलावा घेऊन गडद झाला की मगच पॉवर फ्लोटर, म्हणजे घोटायचं मशीन, फिरवायचं. लगेच उरलेली 2 पोती पहिल्या फेरीच्या आडव्या दिशेने, आणि तीही गडद होईपर्यंत थांबायचं. पाणी शिंपडायचं नाही, कोरडं सिमेंटही भुरभुरायचं नाही. फेकताना पूड लांबून उडवली तर वाऱ्याने बारीक सिमेंट पुढे जातं आणि जड दाणे जवळच पडतात. कमरेखालून हात ठेवून टाकायची.

सगळ्यात जास्त चीड आणणारी जागा मात्र भिंतीलगतचा वीतभर पट्टा. बाकी फ्लोअर घट्ट आणि हा खडूसारखा. कडा आधी वाळतात आणि मशीन भिंतीपर्यंत पोचत नाही. म्हणून पहिल्या फेरीत कडेला माल सगळ्यात आधी टाकायचा आणि लाकडी रंध्याने हाताने दाबायचा. इथे मशीन संपेपर्यंत थांबलं की उशीर झालाच. पट्टीच्या कडा, जिथे दोन बे भेटतात, तिथेही तेच. मधल्या पट्टीत गाडीचं चाक नेमकं त्याच सांध्यावर आपटतं, आणि दोन ठिकाणी कडा तुटायला लागली आहे.

दारातला बे आता कापून काढायचा आहे. वरून नवा हार्डनर टाकून उपयोग नाही, घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये तो धरत नाही. नव्या बेला तेवढीच 6 पोती लागतील, पण ओतणं पहाटे, दाराला ताडपत्री लावून, आणि मशीनचा शेवटचा हात झाला की लगेच ओलावा आत धरून ठेवणारं क्युअरिंग कंपाउंड. पोती या वेळी काम सुरू असतानाच मोजायची.