पहिली चाळिशी आणि पुसून टाकलेली पिवळी खूण

वह्या तपासताना हात लांब लांब जायला लागला तेव्हा मी 44 वर्षांची होते. त्याआधी कधी चष्मा लागला नव्हता, त्यामुळे चष्म्यातलं काहीच कळत नव्हतं. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांना लांबचा +0.50 आणि जवळसाठी त्यावर 1.25 वाढीव असा नंबर लिहून दिला. म्हणजे वाचताना एकूण +1.75. तिथपर्यंत सगळं नीट होतं. फसले ती पुढे, दुकानात.

त्या दुकानाच्या पोस्ट मी महिनाभर वाचत होते. पहिल्यांदा चष्मा घेणाऱ्यांसाठी सोप्या मराठीत, चित्रं काढून लिहिलेल्या. एकाच नंबरची काच म्हणजे काय, बायफोकलला रेषा का असते, प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर हळूहळू कसा वाढत जातो. एका पोस्टमध्ये तर असंही होतं की प्रोग्रेसिव्हसाठी आधी फ्रेम नाकाकानावर नीट बसवून घ्यायची, मग माणसाला सरळ समोर बघायला सांगून डोळ्याची बाहुली काचेवर कुठे येते तिथे पेनने ठिपका द्यायचा, आणि त्या ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजायची. एवढं समजावून सांगणारे लोक फसवतील असं मनातही आलं नाही.

वर्गात मला क्षणात फळा, क्षणात हजेरीपट बघावा लागतो, म्हणून प्रोग्रेसिव्ह घ्यायचं ठरवलं. (नुसतं वाचायला +1.75 चा साधा चष्मा स्वस्तात झाला असता. हा पर्याय दुकानात कुणी काढलाच नाही.) काउंटरवरचा मुलगा गोड बोलणारा होता. एका नावाजलेल्या कंपनीची, माझ्या मापाने बनवून येणारी काच त्याने सुचवली, 11,400 रुपयांची. फ्रेम 2,300. मग एक छोटी टॉर्च काढून तिचा निळा-जांभळा ठिपका कागदावर पाडला, मध्ये निळा प्रकाश अडवणारी म्हणतात ती ब्लू कटची काच धरली आणि ठिपका गायब. "मॅडम, मोबाईलचा असाच प्रकाश रोज तुमच्या डोळ्यात जातो." झाले आणखी 1,200.

माप म्हणून त्याने काय घेतलं? डॉक्टरांच्या मशीनच्या चिठ्ठीवरचं दोन बाहुल्यांमधलं अंतर उतरवून घेतलं. एवढंच. फ्रेम माझ्या नाकावरून घसरत होती, ती त्याने बोटाने वर ढकलली आणि म्हणाला, "छान दिसतेय." पेनचा ठिपका नाही, पट्टी नाही. मला पोस्ट आठवली होती, पण भर दुकानात विचारायचा संकोच वाटला. त्या संकोचाची किंमत पुढे कळली.

आठ दिवसांनी चष्मा आला, लखलखीत पुसून. घातला तेव्हा जिना हलल्यासारखा वाटला, कडेच्या गोष्टी पोहत होत्या. "नवीन आहे, दोन आठवड्यांत सवय होईल." हे खोटं नव्हतं. प्रोग्रेसिव्ह काच कितीही महाग असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना थोडं वेडंवाकडं दिसतंच, आणि त्याची सवय बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत होते. माझंही ते पोहणं दहा दिवसांत कमी झालं. कमी झालं नाही ते दुसरंच. वही वाचायला मला हनुवटी इतकी वर करावी लागायची की मुली मागे बसून माझी नक्कल करायच्या. चौथ्या आठवड्यात मान आखडली. दुकानात तीनदा गेले, तीनदा "सवय होईल" ऐकलं. परत नेत्रतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी काच मशीनवर तपासली, म्हणाले नंबर बरोबर आहे. झालं. म्हणजे दोष माझाच, असं मीही धरून चालले.

सुटका झाली ती मिरजेत. माझ्या नणंदेच्या ओळखीचे एक चष्मेवाले काका आहेत, दुकान जुनं, पोस्टबिस्ट काही नाहीत. त्यांना मी सगळं सांगितलं तर त्यांनी नंबर विचारलाच नाही. म्हणाले, "वही हातात घ्या, मान सरळ ठेवा, आणि चष्मा दोन बोटांनी थोडा वर उचला." उचलला. अक्षरं लख्ख स्पष्ट! "नंबरात खोट नाही हो, काच खाली बसलीय तुमची."

मग त्यांनी चष्मा तोंडाजवळ नेला आणि काचेवर हळूच वाफ सोडली. उजेडासमोर तिरका धरून मला दाखवलं. वाफ उडता उडता काचेवर दोन बारीक वर्तुळं दिसली, एक नाकाकडच्या बाजूला, एक कानाकडच्या. ही कोरलेली असतात, कधीच पुसली जात नाहीत, आणि दोघांमधलं अंतर 34 मि.मी. असतं. कानाकडच्या वर्तुळाखाली वाढीव नंबर बारीक आकड्यांत कोरलेला असतो. माझ्या काचेवर 12 दिसत होतं, म्हणजे 1.25. इथवर बरोबर. नाकाकडच्या वर्तुळाखाली कंपनीची खूण असते. काकांनी भिंग लावलं, बिल बघितलं, परत भिंग लावलं. मग खणातून त्या कंपनीचा तक्ता काढला, ज्यावर तिच्या प्रत्येक काचेची खूण छापलेली असते. माझ्या काचेवरची खूण त्यात कुठेच नव्हती. "ही त्यांची नव्हे. तयार साच्यातली साधी प्रोग्रेसिव्ह आहे. वाईट नाही, पण अकरा हजारांची तर नाहीच नाही."

बिलावर काचेचं नाव होतं का? नव्हतं. "प्रोग्रेसिव्ह + ब्लू कट" एवढंच. कंपनीच्या काचा छापील पाकिटातून येतात, त्यावर काचेचं नाव आणि माझा नंबर असतो, बरोबर कार्डही मिळतं. मला यातलं काही दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं.

उंचीचं प्रकरण काकांनी कागदावर मांडून दाखवलं. आधी त्यांनी फ्रेम सरळ केली. नोजपॅड आत घेतले, काड्या कानामागे किंचित वळवल्या, आणि मला मान हलवायला लावून ती घसरत नाही हे बघितलं. हे आधीच करायचं असतं, कारण घसरणाऱ्या फ्रेमवर घेतलेलं माप घरी पोचेपर्यंत चुकतं. मग माझ्या समोर, माझ्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर स्टूल ओढून बसले, त्यांच्या डोळ्यात बघायला सांगितलं आणि काचेवर बाहुलीपाशी ठिपका दिला. एक डोळा, मग दुसरा. पट्टी लावली. फ्रेमची काच 30 मि.मी. उंच होती आणि माझी बाहुली खालच्या कडेपासून 19 मि.मी. वर. प्रोग्रेसिव्ह काचेवर एक फुलीची जागा ठरलेली असते, लांबचं बघताना बाहुली बरोबर तिच्यामागे यायला हवी. कोरलेल्या वर्तुळांवरून ती जागा शोधता येते, बहुतेक काचांत त्यांच्या रेषेच्या काही मि.मी. वर. माझ्या चष्म्यात ती साधारण 15 वर आली, म्हणजे काचेच्या अगदी मध्यावर. मोजलंच नव्हतं, निम्म्यात बसवून टाकलं होतं.

चार मि.मी. म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. फुलीच्या खाली नंबर हळूहळू वाढत जातो आणि पूर्ण वाचायचा नंबर बराच खाली येतो. साध्या काचेला फुलीखाली निदान 18 मि.मी. जागा लागते, असं काका म्हणाले. माझ्या चष्म्यात 15 च होती. वाचायच्या पट्ट्याचा खालचा भाग फ्रेमच्या आकारात कापताना घासून गेला होता आणि जो उरला तो माझ्या नजरेच्या खाली होता. म्हणून हनुवटी वर. फ्रेम माझ्या चेहऱ्याला चांगली होती, 19 मि.मी. जागा तीत होती. फक्त कुणी पट्टी लावली नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते सगळ्यांत कामाचं. नव्या काचेवर कारखान्यातूनच पिवळ्या किंवा पांढऱ्या शाईत ती फुली छापून येते. चष्मा तयार झाला की ती पुसायच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर चढवून बघायचं, फुली बाहुलीवर येते का. नाही आली तर दुकानदाराची चूक तिथेच उघडी पडते. माझा चष्मा मला पुसून दिला होता तो स्वच्छतेपोटी नव्हे.

टॉर्चबद्दल ते हसले. त्या टॉर्चचा प्रकाश साधारण 405 नॅनोमीटरचा, जवळजवळ जांभळा. मोबाईलच्या पडद्याचा निळा 450 च्या आसपास. पहिला अडवणारी काच दुसरा बहुतेक सगळा आत सोडते. शिवाय डोळ्यांच्या थकव्यावर अशा काचांचा थोड्या काळात तरी फायदा दिसत नाही, असं वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 17 चाचण्या पडताळून म्हटलेलं आहे. ते 1,200 मी स्वतःच्या अडाणीपणाच्या खात्यात टाकले.

दुकानात परत गेले ती बिल, काकांनी लिहून दिलेली मापं आणि वाफ दिल्यावर काढलेला काचेचा फोटो घेऊन. मुलगा "सवय" म्हणायच्या आत मी त्यांचीच उंची मोजायची पोस्ट उघडून समोर ठेवली आणि विचारलं, हे माझ्यावर कुणी, कधी केलं? मालक बाहेर आले. आधी म्हणाले कंपनीने काच बदलून पाठवली असेल. मग पुढच्या खरेदीवर सूट देऊ. मी लेखी अर्ज दिला, पोच मागितली, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी काचेचे 11,400 परत आले. ब्लू कटचे आले नाहीत, आणि "चुकीची काच दिली" असं त्यांनी कुठेही लिहून दिलं नाही.

त्याच फ्रेममध्ये काकांनी निम्म्याहून कमी पैशांत दुसरी प्रोग्रेसिव्ह बसवली. 19 वर. पिवळी फुली पुसायच्या आधी आरसा हातात दिला.

जुन्या काचा मी पर्समध्ये ठेवल्यात. परवा मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत काढल्या, तर सगळ्या जणी आपापल्या चष्म्यावर वाफा सोडून खिडकीशी उभ्या. दोघींच्या काचेवर वर्तुळं आणि कंपनीची खूण नीट दिसली. कुलकर्णीबाईंना काहीच दिसेना म्हणून त्या घाबरल्या, पण त्यांचा चष्मा बायफोकलचा, रेषा लांबूनच दिसत होती. चौथीच्या काचेवर वाढीव नंबर दीडऐवजी दोन निघालाय. ती आता घरी डॉक्टरांची चिठ्ठी शोधतेय.