दोन दिवस, दोन आठवडे की तीन महिने? प्रश्नावली पुन्हा कधी भरून घ्यावी

प्रश्नावली तयार झाली, पहिल्यांदा भरून घेतली, आता तिची विश्वसनीयता, म्हणजे तिचे गुण किती स्थिर येतात, हे तपासायला तीच माणसं तीच प्रश्नावली पुन्हा भरणार. मधे किती दिवस जाऊ द्यायचे? बहुतेक प्रबंधांत ‘दोन आठवडे’ असं लिहिलेलं असतं, आणि ते का, हे विचारलं तर ‘सगळे तेवढंच ठेवतात’ हे उत्तर मिळतं. दोन आठवडे पुष्कळदा योग्यच ठरतात. पण कारण माहीत नसेल, तर ते कधी चुकतात हेही कळत नाही.

एक उदाहरण समोर ठेवू. ताण मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ४०. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा…’ अशी. अंतर ठरवताना दोन गोष्टींची ओढाताण असते. अंतर कमी ठेवलं तर माणसाला आपली आधीची उत्तरं आठवतात, आणि तो ताणाबद्दल न सांगता आठवणीतून उत्तर देतो. जास्त ठेवलं तर त्याचा ताणच खरोखर बदललेला असतो. पहिल्या चुकीने दोन वेळच्या गुणांमधला सहसंबंध फुगतो, दुसरीने तो पडतो. आकडा हातात आल्यावर यातलं काय घडलं, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून अंतराचा विचार आधीच करावा लागतो.

दोन दिवस

दहाच प्रश्न असतील तर दोन दिवसांनी बरीच उत्तरं आठवतात. विशेषतः टोकाची. ‘कधीच नाही’ असं ठामपणे लिहिलेलं माणूस विसरत नाही. पण आठवणीपेक्षा मोठी अडचण आहे ती प्रश्नाच्या शब्दांतच. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असं विचारलं आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर चौदापैकी बारा दिवस तेच आहेत. माणूस दोन वेळा जवळजवळ एकाच काळाबद्दल बोलतो आहे. सात दिवसांच्या अंतराने निम्मे दिवस सामाईक राहतात, आणि चौदा दिवसांनी एकही नाही. प्रश्नावलीचा संदर्भकाळ आणि तुमचं अंतर या दोन गोष्टी एकमेकींशी जुळतात की नाही, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तरीही दोन दिवस हा चुकीचा पर्याय नाही. वेदना किंवा झोप यांसारखी झपाट्याने बदलणारी गोष्ट मोजायची असेल, प्रश्न चाळीस-पन्नास असतील, किंवा उत्तर रेषेवर खूण करून द्यायचं असेल (अशी खूण आठवून तिथेच करता येत नाही), तर लहान अंतरच बरं. गुडघ्याच्या विकारांच्या रुग्णांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन दिवस आणि दोन आठवडे या अंतरांची तुलना केली होती. दोन्हींच्या विश्वसनीयतेत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मात्र तिथल्या रुग्णांची स्थिती तेवढ्या काळात स्थिर होती. ही अट काढून तो निष्कर्ष दुसरीकडे नेऊ नये.

दोन आठवडे

आमच्या उदाहरणासाठी हाच पर्याय घ्यावा, कारण संदर्भकाळ ओलांडला जातो, उत्तरं बऱ्यापैकी पुसली जातात, आणि बहुतेकांच्या आयुष्यात एवढ्यात मोठी उलथापालथ होत नाही. बहुतेकांच्या, सगळ्यांच्या नव्हे. म्हणून दुसऱ्या वेळी शेवटी एक जादा प्रश्न ठेवावा: ‘मागच्या वेळेच्या तुलनेत तुमचा ताण कमी झाला, तेवढाच आहे, की वाढला?’ मग विश्लेषण दोनदा करायचं, एकदा सगळ्यांवर आणि एकदा ‘तेवढाच आहे’ म्हणणाऱ्यांवर. दुसऱ्या गटाचा आकडा बराच वर गेला तर दोष प्रश्नावलीचा नव्हे, माणसं बदलली होती. दोन्ही आकडे सारखेच खाली राहिले, तर प्रश्नच डळमळीत आहेत असं समजावं. हा प्रश्न शेवटीच हवा. आधी विचारला तर माणूस जुनी उत्तरं आठवू लागतो.

गडबड प्रत्यक्ष भरून घेताना होते. पहिल्यांदा कागदावर आणि दुसऱ्यांदा मोबाइलवर भरून घेतलं, तर माध्यमाचा फरक अंतराच्या खात्यात जमा होतो. पहिली फेरी परीक्षेच्या आठवड्यात आणि दुसरी सुट्टीत झाली तर तेच. वार आणि वेळही शक्यतो सारखी ठेवावी. १४व्या दिवशी पाठवलं तरी काही जण २५व्या दिवशी भरतात, त्यामुळे ‘१२ ते १७ दिवसांत आलेलीच धरू’ अशी मर्यादा आधीच लिहून ठेवावी आणि प्रत्येक अर्जावर तारीख घ्यावी.

तीन महिने

एवढ्या अंतराने मिळणारा आकडा विश्वसनीयतेचा कमी आणि त्या गुणधर्माच्या टिकाऊपणाचा जास्त असतो. स्वभावाची ठेवण, मूल्यं, व्यावसायिक आवडी अशा टिकणाऱ्या गोष्टी मोजत असाल तर तीन महिन्यांचा आकडा मोलाचा आहे. ताणासाठी तो दिशाभूल करतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पर्सीव्ड स्ट्रेस स्केलचे मूळ आकडेच पाहा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत दोन दिवसांच्या अंतराने सहसंबंध ०.८५ आला, आणि धूम्रपान सोडण्याच्या कार्यक्रमातल्या गटात सहा आठवड्यांनी ०.५५. याचा अर्थ मोजपट्टी सहा आठवड्यांत बिघडली असा नाही. ताण बदलायचाच असतो, आणि तो बदल टिपणं हेच त्या प्रश्नावलीचं काम आहे. शिवाय गटही वेगळे होते, म्हणून पूर्ण फरक अंतराच्याच माथी मारता येत नाही.

अंतराबद्दल मनात खरोखरच शंका असेल आणि माणसं तयार असतील, तर तीन वेळा भरून घ्यावं. पहिल्या-दुसऱ्या फेरीतला सहसंबंध ०.७०, दुसऱ्या-तिसऱ्यातला ०.७० आणि पहिल्या-तिसऱ्यातला ०.६० आला असं समजा. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याने भागला, की ०.४९ ÷ ०.६० = ०.८२. हा बदलाचा भाग वेगळा काढून उरलेल्या विश्वसनीयतेचा अंदाज. म्हणजे ०.७० हा आकडा दिसला तरी प्रश्नावली तेवढी वाईट नव्हती. यात तिन्ही वेळी विश्वसनीयता सारखी होती, आणि आठवणीमुळे एका वेळची चूक पुढच्या वेळी तशीच उतरली नाही, असं गृहीत धरलेलं असतं.

आकडा आल्यावर: पियर्सन की आयसीसी

सहा जणांचे गुण घेऊ. पहिल्या वेळी १०, १४, १८, २२, २६, ३०. दुसऱ्या वेळी त्याच क्रमाने ७, ९, १५, १७, २३, २५. प्रत्येकाचे गुण ३ किंवा ५ ने कमी झालेत, आणि सरासरी २० वरून १६ वर आली आहे. पियर्सनचा सहसंबंध गुणांक येतो ०.९९. तो फक्त क्रम आणि रेषेतली मांडणी पाहतो. सगळे एकत्र घसरले याची त्याला खबरच नसते. आयसीसी म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन गुणांक. त्यातला एकमत मोजणारा प्रकार (दुहेरी प्रतिमान, एकच मापन) काढला तर येतो ०.८६. ती घसरण तिथे मोजली गेली.

आर वापरत असाल तर:

```r
library(irr)
d <- data.frame(t1 = c(10,14,18,22,26,30),
                t2 = c(7,9,15,17,23,25))
icc(d, model = "twoway", type = "agreement", unit = "single")
```

यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. `type = "consistency"` ठेवलं तर पुन्हा ०.९९ येतं, कारण तो पर्यायही सरासरीतली घसरण सोडून देतो. आणि `unit = "average"` ठेवलं तर ०.९३ येतं, पण तो दोन वेळच्या गुणांच्या सरासरीची विश्वसनीयता सांगतो. प्रत्यक्षात माणूस प्रश्नावली एकदाच भरणार असेल, तर तो आकडा तुमचा नाहीच. प्रबंधात नुसतं ‘आयसीसी’ लिहिलं की वाचकाला यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे प्रतिमान, प्रकार आणि एकक या तिन्ही गोष्टी लिहाव्या.

सरासरी का घसरली, हेही पाहावं. ताण, चिंता, उदासी यांच्या प्रश्नावल्यांत दुसऱ्या वेळी काही न करताही गुण थोडे उतरलेले अनेकदा दिसतात. उपचारांचा परिणाम मोजताना तुलनागट नसेल, तर हीच घसरण सुधारणा म्हणून खपून जाते.

०.८० म्हणजे चांगलं का?

गटांची तुलना करायची तर ०.७० च्या पुढे चालतं, एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा तर ०.९० च्या आसपास हवं, हा प्रचलित दंडक. पण हा आकडा प्रश्नावलीचा एकटीचा नसतो, तो गटातल्या पसाऱ्याचाही असतो. आमच्या उदाहरणात गुणांचं प्रमाण विचलन ८ आणि आयसीसी ०.८० आहे असं धरू. मापनाची प्रमाण त्रुटी = ८ × √(१ − ०.८०) = ३.६ गुण. आता तीच प्रश्नावली, तेवढीच त्रुटी, पण गट एकसारखा, प्रमाण विचलन फक्त ५. आयसीसी कोसळून ०.४९ वर येतो. प्रश्नावलीत काहीच बदललेलं नाही! उलट, अतिशय ताणलेले रुग्ण आणि निवांत माणसं एकाच नमुन्यात मिसळली, तर कोणतीही प्रश्नावली उत्तम दिसते. म्हणून दुसऱ्याचा आकडा घेताना त्यांचं प्रमाण विचलन तुमच्या गटाशी ताडून पाहा.

त्रुटी गुणांमध्ये मांडली की व्यवहारात उपयोग होतो. ३.६ ला २.७७ ने (१.९६ × √२) गुणलं की सुमारे १० गुण. एखाद्याचे गुण २४ वरून १७ वर आले, तर ०.८० विश्वसनीयता असूनही ‘याचा ताण कमी झाला’ असं त्या एका माणसाबद्दल म्हणता येत नाही. सात गुणांचा फरक मापनाच्या डळमळीतपणातूनही येऊ शकतो.

नमुन्याचा आकारही विसरू नये. ३० जणांवर ०.८० आला तर ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.६२ ते ०.९० असतो, म्हणजे ‘जेमतेम’पासून ‘उत्तम’पर्यंत काहीही. ५० जणांवर तो ०.६७ ते ०.८८ होतो. दुसऱ्या फेरीला काही जण गळतातच, तेव्हा ५० हवे असतील तर पहिल्या फेरीत ६५-७० घ्यावेत, आणि गळलेल्यांचे पहिले गुण राहिलेल्यांपेक्षा वेगळे होते का तेही बघावं. सर्वांत ताणलेली माणसंच परत आली नाहीत, तर पसारा आकसतो आणि आयसीसी विनाकारण खाली येतो.

हे सगळं अहवालात चार ओळींत मावतं. नमुन्यादाखल: ‘६८ पैकी ५३ जणांनी प्रश्नावली त्याच माध्यमातून पुन्हा भरली; अंतराचा मध्यक १४ दिवस (१२ ते १७). आयसीसी (दुहेरी प्रतिमान, एकमत, एकच मापन) ०.८०, ९५ टक्के विश्वास अंतराल ०.६८ ते ०.८८. दोन्ही वेळच्या सरासरी आणि प्रमाण विचलनं तक्त्यात दिली आहेत. मापनाची प्रमाण त्रुटी ३.६ गुण, एका व्यक्तीच्या बाबतीत १० गुणांहून कमी फरक बदल म्हणून धरलेला नाही.’