हेलियम की हायड्रोजन?

दादरला राहणारा भाचा कॉलेजच्या हॉलमध्ये उडवायला दोन घनमीटरचं, फुग्यासारखं वायू भरून तरंगणारं हवाई जहाज बनवतोय. परवा फोन आला, "मामा, हेलियम फार महाग पडतोय. हायड्रोजन भरू का?"

आधी उचल बघू. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, हेलियमचं जेमतेम १७० ग्रॅम. फरक तेवढी उचल, म्हणजे किलोभर. हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणून उचल दुप्पट होईल असं वाटतं. पण मिळते १.१ किलो. दोन घनमीटरला फायदा दीडेकशे ग्रॅम, एका मोबाइलइतका!

गळती दोन्हींत होते. हेलियम गळला तर जहाज हळूहळू खाली बसतं, कळतं तरी. हायड्रोजन छताखाली साचतो. हवेत ४ ते ७५ टक्के असला की पेटू शकतो, मोटरच्या ब्रशची बारीकशी ठिणगीही पुरते आणि ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. १९३७ साली हायड्रोजन भरलेलं 'हिंडेनबर्ग' हे जर्मन हवाई जहाज पेटलं, ३६ माणसं गेली. ते मुळात हेलियमसाठीच आखलेलं होतं, पण अमेरिकेने तो दिला नाही.

वळवण्याचं तंत्र दोन्हींत सारखंच. एवढ्या मंद वेगात शेपटीचं सुकाणू काही कामाचं नाही. दोन बाजूंना दोन पंखे लावायचे. उजवा जोरात फिरवला की नाक डावीकडे. वर-खाली जायला पंखेच तिरके करायचे.

माणसं असलेल्या हॉलसाठी हेलियमच. हायड्रोजन उघड्या मैदानातल्या, बिनमाणसाच्या हवामान-फुग्याला ठीक, तोही जाणकारांच्या हातात. पैसे वाचवायचे तर जहाजाचं वजन कमी कर, म्हटलं.